पंप थांबला की

लिक्विड कूलर बसवलेला डेस्कटॉप काम करता करता एकदम बंद पडायला लागला, की पहिला संशय बहुधा एसएमपीएसवर जातो. तसं वाटण्याला कारणही आहे. पडदा काळा होतो, पंखे थांबतात, निळ्या पडद्यावरची चूक दिसत नाही, कुठला संदेश येत नाही. वीज तुटल्यासारखंच सगळं घडतं. नंतर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये पाहिलं तर Kernel-Power, 41 अशी नोंद सापडते आणि त्यातला ‘पॉवर’ हा शब्द वाचून संशय पक्का होतो. या नोंदीचा अर्थ मात्र एवढाच, की संगणक रीतसर बंद न होता बंद पडला. तो का बंद पडला हे विंडोजला ठाऊकच नसतं, कारण नोंद लिहायलाही त्याला सवड मिळालेली नसते. एसएमपीएस बदलला जातो, विंडोज नव्याने टाकलं जातं, रॅमच्या पट्ट्या काढून पुसून पुन्हा बसवल्या जातात, आणि चार पैसे खर्चूनही मशीन पुन्हा बंद पडतंच. अशा वेळी कॅबिनेटच्या आत एक छोटा पंप फिरायचा थांबलेला असू शकतो.

लग्नाच्या व्हिडिओंचं संपादन करणाऱ्या एका मित्राच्या मशीनच्या बाबतीत हेच झालं होतं. त्यात इंटेलचा कोअर आय-७ १३७००के हा प्रोसेसर होता आणि जुन्या मशीनमधून काढून आणलेला २४० मिलिमीटरचा लिक्विड कूलर. ई-मेल, ब्राउझर, हिशेबाची फाइल, सगळं नीट चाले. टाइमलाइनवर रेंडर सुरू केलं, की अर्ध्या मिनिटाच्या आत मशीन बंद. दुकानदाराने एसएमपीएस बदलून दिला होता आणि बंद पडणं तसंच चालू होतं. हे मशीन पुढे उपयोगी पडेल. आधी त्या कूलरमध्ये काय चालतं ते पाहू.

या बंद जातीच्या लिक्विड कूलरमध्ये प्रोसेसरच्या डोक्यावर एक ब्लॉक बसतो. ब्लॉकच्या तळाशी तांब्याची तबकडी असते आणि तिच्या वरच्या अंगाला केसासारख्या बारीक फटी कोरलेल्या असतात. बऱ्याच कूलरमध्ये पंपही याच ब्लॉकमध्ये असतो. बारा व्होल्टवर चालणारी छोटी मोटर, तिच्या चुंबकाने फिरणारं पातं, आणि वंगण म्हणून दुसरं काही नाही, तेच पाणी. दोन नळ्या ब्लॉकपासून रेडिएटरकडे जातात आणि रेडिएटरवर पंखे असतात. आतलं पाणी साधं नसतं. त्यात ग्लायकॉल, गंज रोखणारी आणि शेवाळ वाढू न देणारी द्रव्यं मिसळलेली असतात. प्रोसेसरची उष्णता तबकडीत, तबकडीतून पाण्यात, पाण्यासोबत रेडिएटरमध्ये आणि तिथून हवेत, असा तिचा प्रवास. पाणी हलतं आहे, हीच या सगळ्या व्यवस्थेची एकमेव अट आहे.

आता आकडे घालून पाहू, कारण बंद पंप का पकडता येतो हे आकड्यांतच दिसतं. एक ग्रॅम पाणी एक अंश सेल्सियसने तापवायला सुमारे ४.१८ ज्यूल लागतात. समजा मिनिटाला एक लिटर पाणी फिरतं आहे, म्हणजे सेकंदाला साधारण १७ ग्रॅम. प्रोसेसर २०० वॅट उष्णता टाकत असेल, तर ब्लॉकमध्ये शिरणारं आणि बाहेर पडणारं पाणी यांच्यातला फरक जेमतेम तीन अंशांचा असतो. म्हणून चालू कूलरच्या दोन्ही नळ्या हाताला जवळपास सारख्याच कोमट लागतात. शिवाय सगळं पाणी आणि रेडिएटरचं ॲल्युमिनियम मिळून उष्णता सामावून घेत असतं. दीडशे ग्रॅम पाणी आणि अर्ध्या किलोहून थोडा जड रेडिएटर धरला, तर २०० वॅटनेही हा सगळा ऐवज सुरुवातीला मिनिटाला दहाएक अंशांनीच तापतो. पुढे रेडिएटर उष्णता बाहेर टाकू लागतो आणि पाच-दहा मिनिटांत पाण्याचं तापमान स्थिरावतं.

पंप थांबला की हे गणित पार बदलतं. उष्णता सामावायला आता रेडिएटर नाही, नळ्यांतलं पाणी नाही. उरते ती तबकडी आणि तिच्यावर साचलेलं थोडं पाणी. तबकडी दीडशे ग्रॅमची आणि पाणी दहा मिलिलिटर धरलं, तर दोघांना मिळून एक अंशाने तापवायला सुमारे १०० ज्यूल पुरतात. २०० वॅट म्हणजे सेकंदाला २०० ज्यूल. म्हणजे तापमान सेकंदाला दोन अंशांनी चढणार. पेटत्या गॅसवर ठेवलेल्या चमचाभर पाण्याच्या तांब्याच्या भांड्याची जी गत, तीच या ब्लॉकची. आणि रेडिएटरवरचे पंखे मात्र जोरात फिरत असतात, थंडगार रेडिएटरवर वारा घालत.

यात आणखी एक भर धरायला हवी. प्रोसेसरचा सिलिकॉनचा तुकडा तबकडीपेक्षा नेहमीच गरम असतो, कारण उष्णतेला त्याचं धातूचं झाकण आणि थर्मल पेस्टचा थर ओलांडावा लागतो. या जातीच्या प्रोसेसरमध्ये हा फरक दर वॅटमागे ०.२ अंश धरला, तर २०० वॅटला तो ४० अंश होतो. हा फरक तयार व्हायला एक-दोन सेकंदच लागतात. कूलर उत्तम असला तरी लोड येताच तापमान उडी मारतं ते यामुळे, आणि तेवढ्या उडीने घाबरण्याचं कारण नाही. पाहायचं असतं ते उडीनंतर काय होतं ते. पंप चालू असेल, तर उडीनंतर आकडा जवळजवळ सपाट राहतो आणि मिनिटामिनिटाने हळूहळू वर सरकतो. पंप बंद असेल, तर उडीनंतरही तो धावतच राहतो.

मित्राच्या मशीनमध्ये मी सुरुवातीला रेंडर केलंच नाही. मशीन रात्रभर बंद होतं, खोलीत ३३ अंश होते. सुरू करून थेट बायोसमध्ये गेलो आणि प्रोसेसरच्या तापमानाकडे बघत बसलो. बायोसमध्ये प्रोसेसर पुरता विसावत नाही, पण लोडही फारसा नसतो; ३० वॅट धरायला हरकत नाही. आकडा चाळिशीतून सुरू झाला आणि न थांबता चढत गेला. दोन मिनिटांनी सत्तरी ओलांडली. वरच्या हिशेबाने ३० वॅटला सेकंदाला ०.३ अंश, म्हणजे मिनिटाला १८ अंश चढायला हवेत. थोडी उष्णता मदरबोर्डमध्ये आणि हवेत झिरपते, म्हणून प्रत्यक्षात चढ किंचित मंद होता. कुठल्याही चालत्या लिक्विड कूलरने ३० वॅट सहज पेलायला हवेत. बायोसमधलं तापमान खोलीपेक्षा दहा-पंधरा अंश वर जाऊन तिथेच थांबायला हवं. इथे ते थांबतच नव्हतं. निदान म्हणाल तर तिथेच झालं होतं.

मग विंडोज सुरू करून HWiNFO64 या प्रोग्रॅममध्ये CPU Package हा आकडा आणि त्याच्या शेजारी वॅट लावून ठेवले. नुसतं बसून असताना आकडा ७८ होता. रेंडर सुरू करताच दोन सेकंदांत तो १०० झाला आणि तिथेच चिकटला. पाच गिगाहर्ट्झच्या वर धावणारा प्रोसेसर बघता बघता एक गिगाहर्ट्झच्या आसपास आला, वॅट २०० वरून ४० कडे घसरले, आणि अर्ध्या मिनिटाच्या आत पडदा काळा झाला.

इथे एक प्रश्न पडायला हवा. प्रोसेसरने वेग कमी करून स्वतःला वाचवलं, तर मशीन बंद का पडलं? इंटेलच्या या पिढीतले प्रोसेसर १०० अंशांना पोचले की वेग उतरवतात. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत बहुतेक ठिकाणी हीच मर्यादा ९५ अंशांची आहे. ही पहिली राखण. कूलर थोडा कमी पडत असेल तर ती पुरते. मशीन मंदावतं, पण चालत राहतं. मेलेल्या पंपापुढे मात्र तिचं काही चालत नाही, कारण वेग कितीही उतरवला तरी प्रोसेसरला काही वॅट लागतातच आणि त्या वॅटना बाहेर जायला वाटच नसते. तबकडी शंभराकडे सरकत राहते. मग दुसरी राखण पुढे येते. मदरबोर्डने ऑपरेटिंग सिस्टीमला एक धोक्याचा आकडा सांगून ठेवलेला असेल, तर तो ओलांडताच ती मशीन बंद करते. लिनक्समध्ये अशा वेळी critical temperature reached अशी नोंद मिळू शकते. आणि सगळ्यात शेवटी प्रोसेसरच्या आतच THERMTRIP# नावाचा संकेत असतो. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये तो साधारण १३० अंशांच्या आसपास उमटतो आणि मदरबोर्ड तत्क्षणी वीज तोडतो. या वाटेने बंद पडलेलं मशीन मागे काही लिहून ठेवत नाही. Kernel-Power, 41 ची ती मुकी नोंद यातूनच येते.

बंद पडलेलं मशीन लगेच सुरू केलं, तर ते आधीपेक्षा लवकर बंद पडतं. वीस मिनिटं थांबून सुरू केलं, तर थोडा जास्त वेळ चालतं. सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर सगळ्यात जास्त. मित्राने हे आपणहून सांगितलं होतं, पण कुणी ते मनावर घेतलं नव्हतं. एसएमपीएस कमकुवत असेल, तर लोडचा झटका बसताच तो मान टाकतो. मधे किती वेळ विश्रांती झाली याच्याशी त्याचा फारसा संबंध नसतो. विश्रांतीने फरक पडत असेल, तर कुठेतरी उष्णता साठते आहे आणि निवायला वेळ घेते आहे, असं समजावं. अशा तक्रारीत मशीनच्या मालकाला विचारायचा पहिला प्रश्न हाच, आणि त्याला स्क्रूड्रायव्हरही लागत नाही.

लोड येताच तापमान शंभरावर जाण्याला दुसरं एक कारण असतं: थर्मल पेस्ट वाळली आहे, ब्लॉकचा स्क्रू ढिला झाला आहे, किंवा नव्या कूलरच्या तबकडीवरचं प्लास्टिकचं आवरण काढायचं राहिलं आहे. लोड येताना दोन्ही दोष एकसारखे दिसतात. ते वेगळे दिसतात लोड काढल्यावर. प्रोसेसर आणि तबकडी यांचा स्पर्श खराब असेल, तर तबकडी थंडच असते. काम थांबवताच प्रोसेसरचा आकडा दोन-तीन सेकंदांत पन्नाशीच्या खाली येतो. पंप मेलेला असेल, तर तबकडीच तापलेली असते. काम थांबवलं की आकडा थोडा खाली येतो आणि सत्तर-ऐंशीवर रेंगाळत राहतो, मिनिटंच्या मिनिटं. म्हणून मी तापमान चढताना जेवढं पाहतो, त्याहून जास्त उतरताना पाहतो. तिसरा दोष म्हणजे रेडिएटरमध्ये धूळ अडकलेली किंवा त्याचे पंखे बंद. त्याचा वेग अगदीच निराळा असतो: सुरुवातीची काही मिनिटं सगळं ठीक, मग हळूहळू सगळं पाणीच तापत जातं, आणि दहा-पंधरा मिनिटांच्या कामानंतर तापमान मर्यादेला टेकतं. उष्णता कुठे अडली आहे, हे तापमानापेक्षा घड्याळ अधिक चांगलं सांगतं.

हाताने खात्री करायची तर मशीन पाच-सात मिनिटं हलक्या कामावर चालू ठेवावं आणि मग नळ्या ब्लॉकजवळ व रेडिएटरजवळ चाचपाव्यात. मित्राच्या मशीनमध्ये ब्लॉकच्या तोंडाशी नळी चटका बसेल इतकी गरम होती आणि वीतभर पुढे तीच नळी थंड. रेडिएटरमधून खोलीइतकीच गार हवा येत होती. पंपाच्या झाकणावर बोट टेकवलं तर थरथर जाणवत नव्हती. कॅबिनेट उघडं ठेवून हे करताना फिरत्या पंख्यांपासून बोटं जपावीत.

एवढं दिसल्यावर लगेच कूलर फेकायचा नसतो. आधी पंपाला वीज पोचते आहे का ते पाहायचं. काही पंप एसएमपीएसच्या साटा जोडणीतून वीज घेतात आणि ती पिन कॅबिनेटच्या मागच्या बाजूला सहज सुटते. काही पंप मदरबोर्डवरच्या जोडणीतून चालतात. तिथे CPU_FAN, AIO_PUMP, PUMP_FAN अशी नावं छापलेली असतात. यातल्या तीन पिनांच्या पंपाला साध्या पंख्याच्या जोडणीवर लावलं आणि बायोसमध्ये व्होल्टेजने वेग कमी-जास्त करण्याची सोय चालू राहिली, तर मशीन थंड असताना पंपाला बारा व्होल्टऐवजी पाच-सहाच मिळतात. नव्या पंपाचं तेवढ्यात निभावतं. थोडा जुना झालेला पंप तेवढ्या व्होल्टला सुरूच होत नाही. अशा वेळी पंपाची जोडणी पूर्ण वेगावर ठेवली की दोष जातो, आणि कूलरमध्ये मुळात काहीच बिघडलेलं नसतं.

मित्राच्या मशीनमध्ये वीज पोचत होती. पिन नीट होती, पूर्ण वेग दिला होता, आणि फेऱ्यांचा आकडा शून्य होता. पातं अडकलेलं होतं. आकडा शून्य असेल तर सरळच असतं, पण उलट नेहमी खरं नसतं हे ध्यानात ठेवावं. बहुतेक कूलर पात्याच्या फेऱ्या मोजतात, पाण्याचा प्रवाह मोजत नाहीत. पातं मिनिटाला अडीच हजार फेरे घेत असतं, पडद्यावर सगळं हिरवं दिसतं, आणि तबकडीच्या बारीक फटी गाळाने बुजलेल्या असल्यामुळे पाणी जागचं हलत नाही. हा गाळ द्रव्यांच्या बिघाडातून, गंजातून किंवा नळ्यांमधून सुटणाऱ्या पदार्थांतून तयार होतो. २०२१ साली एमएसआय कंपनीच्या मॅग कोअरलिक्विड मालिकेतल्या काही कूलरमध्ये असाच साका बसून अभिसरण अडत असल्याचं समोर आलं आणि कंपनीला ते बदलून द्यावे लागले.

दुसरं कारण हवा. नळ्यांच्या भिंतींतून वर्षानुवर्षं पाण्याचा अंश बाहेर झिरपतो आणि त्याची जागा हवा घेते. ही हवा नेहमी सगळ्यात उंच ठिकाणी गोळा होते. रेडिएटर कॅबिनेटच्या छताला असेल, तर ती तिथे निमूट पडून राहते. रेडिएटर तळाशी आणि पंप सगळ्यांत वर असेल, तर ती पंपातच जमते. पातं हवेत फिरतं, गुळगुळ आवाज येतो, पाणी ढकललं जात नाही, आणि पाणीच वंगण असल्याने पंप कोरडा झिजतो. मित्राच्या कॅबिनेटमध्ये जागा नव्हती म्हणून रेडिएटर तळाशीच बसवलेला होता. त्याचा पंप यानेच गेला असं मी छातीठोक सांगणार नाही, पण पंपाच्या वर रेडिएटरचा काही भाग असायलाच हवा, हे मात्र निक्षून सांगतो.

अडकलेला पंप कधी टिचकी मारल्याने किंवा कॅबिनेट आडवं केल्याने पुन्हा फिरू लागतो. त्या वेळात फाइलींची प्रत काढून घ्यावी. त्याच्या भरवशावर रात्रभराचं रेंडर लावू नये. बंद जातीचे बहुतेक कूलर घरी उघडून दुरुस्त करण्याजोगे नसतात, आणि वॉरंटी शिल्लक असताना उघडले तर तीही जाते. नवा कूलर येईपर्यंत मशीन वापरायचंच असेल, तर बायोसमध्ये प्रोसेसरची वीजमर्यादा, म्हणजे PL1 आणि PL2, ६५ वॅटवर आणावी आणि एखादा साधा हवेचा कूलर तात्पुरता लावावा. मेलेल्या पंपावर नुसती मर्यादा घालून भागत नाही. ३० वॅटला काय झालं ते वर आलंच आहे.

मित्राने पुन्हा लिक्विड कूलर घेतला नाही. दोन पंख्यांचा उंच हवेचा कूलर बसवला आणि या प्रोसेसरची २५३ वॅटची मर्यादा १५० वॅटवर आणली. रेंडरला थोडा वेळ जास्त लागतो आणि तापमान ऐंशीच्या घरात राहतं. जुना ब्लॉक काढताना एक पथ्य पाळावं: पेस्ट थोडी कोमट असताना ब्लॉक डावीकडे-उजवीकडे हलकेच वळवून सोडवावा, सरळ वर ओढू नये. एएमडीच्या एएम-४ सॉकेटमध्ये तसं केलं, तर प्रोसेसर पिनांसकट ब्लॉकला चिकटून बाहेर येऊ शकतो आणि पिना वाकू शकतात.

आता शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. या मशीनला पंप थांबल्याची सूचना पहिल्याच दिवशी मिळायला हवी होती. CPU_FAN या जोडणीवर फेऱ्यांचा संकेत आला नाही, तर बरेच मदरबोर्ड सुरू होतानाच CPU Fan Error असा संदेश दाखवून थांबतात. जुळणी करणाऱ्याने पंप दुसऱ्या जोडणीवर लावला, CPU_FAN रिकामी राहिली, संदेश रोज येऊ लागला, म्हणून त्याने बायोसमधल्या CPU Fan Speed या ओळीपुढे Ignore निवडून टाकलं. हे अनेक मशीनमध्ये केलेलं आढळतं. तुमच्याकडे लिक्विड कूलर असेल, तर आज बायोस उघडून ती ओळ पाहा. तिथे Ignore असेल तर पंपाची फेऱ्यांची तार CPU_FAN वर आणा, त्या जोडणीला पूर्ण वेग द्या, आणि सूचना पुन्हा चालू करा.